विश्लेषण : गाईचे तूप पिवळे, म्हशीचे पांढरे… पण जास्त पैसे नेमके कशाचे?

पावसाळा सुरू झाला की पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणारी गर्दी वाढते. परतताना अनेकांच्या गाडीत तुपाची बरणी असते. पिवळेधमक ‘देशी गाईचे’ तूप महाग, पांढरट म्हशीचे तूप त्याहून स्वस्त, हे गणित ग्राहकांनी आता गृहीतच धरले आहे. पिवळे म्हणजे शुद्ध, पौष्टिक आणि हलके. पांढरे म्हणजे जड आणि दुय्यम, असाही समज आहे. मात्र रंग, वास, स्निग्धांश आणि टिकाऊपणा हे चार मुद्दे एकेक करून तपासले तर या समजाचा बराचसा भाग टिकत नाही. यात ग्राहकाचे पैसे गुंतले आहेत, तसेच मुळशीतील म्हैसपालकाच्या घामाचे मोलही.

मुळशीच्या डोंगरात तूप कोणाचे?

मुळशी तालुक्याची दोन टोके अगदी वेगळी आहेत. पूर्वेला हिंजवडीचे आयटी पार्क, तर पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि तिच्या कुशीतील धनगरवाडे. या डोंगररांगांत राहणारा गवळी-धनगर समाज पिढ्यानपिढ्या प्रामुख्याने म्हशी पाळत आला. रस्ते नव्हते तेव्हा दूध खालच्या बाजारापर्यंत नेणे शक्यच नव्हते, ते वाटेतच नासले असते. त्यामुळे दुधाचे विरजण लावायचे, ताक घुसळून लोणी काढायचे आणि लोणी-तूप खालच्या गावांत देऊन धान्य आणायचे, असा व्यवहार चालत असे. ताक घरात राहायचे आणि टिकणारा माल डोंगर उतरायचा. पुढे रस्ते झाले, दूधगाड्या वर येऊ लागल्या आणि लोण्याऐवजी थेट दूधच विकले जाऊ लागले.

म्हणजे या घाटमाथ्यावरच्या तुपाची जुनी ओळख प्रामुख्याने म्हशीच्या तुपाची आहे. अतिवृष्टी, चिखल आणि उताराच्या या भागात म्हैस टिकली आणि तिच्या दुधातून लोणीही जास्त निघे. आज त्याच तालुक्यात ‘पारंपरिक’ म्हणून विकले जाणारे तूप बहुतेकदा पिवळे असते, हा बदल बाजाराने घडवला आहे.

पिवळा रंग येतो कुठून?

हिरव्या गवतात बीटा कॅरोटीन नावाचे पिवळे-केशरी रंगद्रव्य असते. गाजराला रंग देणारे द्रव्य हेच. गाय ते गवतातून घेते, त्यातील काही भागाचे तिच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व होते आणि उरलेले कॅरोटीन जसेच्या तसे दुधाच्या स्निग्धांशात उतरते. म्हणून गाईचे लोणी आणि तूप पिवळे दिसते. म्हशीच्या शरीरात मात्र जवळजवळ सर्व कॅरोटीनचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. ‘अ’ जीवनसत्त्वाला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. त्यामुळे म्हशीचे तूप पांढरे, कधी किंचित हिरवट झाक असलेले दिसते. पांढऱ्या तुपात काही कमी आहे असा याचा अर्थ नाही. तेच पोषणद्रव्य तिथे दुसऱ्या रूपात असते, एवढेच.

यातून आणखी एक गोष्ट निघते. गाईच्या तुपाचा रंग वर्षभर सारखा राहू शकत नाही. मुळशीत जून ते ऑक्टोबर डोंगर हिरवे असतात, तेव्हा चरणाऱ्या गाईचे तूप गडद पिवळे निघते. मार्च-एप्रिलपर्यंत गवत वाळते, दावणीला भाताचा पेंढा येतो आणि कॅरोटीन घटते. तेव्हा त्याच गाईचे तूप फिकट होणे स्वाभाविक आहे. त्यामुळे एखाद्या छोट्या उत्पादकाचे तूप बाराही महिने एकाच गडद छटेचे असेल, तर शाबासकी देण्याआधी जनावरांचा चारा कोणता, हे विचारायला हवे. वर्षभर हिरवा चारा देणारे गोठे आहेत, हे खरे. पण शेंद्रीच्या बियांचा रंग किंवा हळद घालून पांढऱ्या तुपाला पिवळे करणेही अवघड नाही. ग्राहक रंगालाच पैसे मोजतो, म्हणून हा मोह तयार होतो.

वास जनावराचा की हाताचा?

तुपाचा दरवळ बराचसा तयार होतो तो विरजणात आणि कढईत. दुधाला विरजण लागले की त्यातील जिवाणू आम्ल तयार करतात आणि लोण्याला ओळखीचा गंध देणारी द्रव्येही. पुढे लोणी कढवताना त्यातील पाणी उडते, तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तळाशी राहिलेला दुधाचा घन भाग, म्हणजे बेरी, तांबूस होऊ लागते. ११० ते १२० अंशांच्या आसपास बेरीतील प्रथिने आणि साखर भाजली जातात, त्यातून खमंग वास सुटतो. थोडे आधी उतरवले तर तूप सौम्य लागते, थोडे जास्त ठेवले तर खरपूस आणि आणखी ठेवले तर करपट.

म्हणून विरजण न लावता यंत्राने मलई काढून केलेले गाईचे तूप आणि विरजणाच्या लोण्याचे म्हशीचे तूप शेजारी ठेवले, तर दुसऱ्याचा दरवळ अधिक भरणे अगदी शक्य आहे. दोन्ही प्राण्यांच्या तुपाच्या मूळ वासात फरक असतो, सरावलेल्या नाकाला तो कळतोही. पण बरणी उघडल्यावर ग्राहकाला जो वास येतो, त्यात कढवणाऱ्याच्या हाताचा वाटा मोठा असतो.

स्निग्धांशात फरक किती?

दोन्ही तुपांत साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास निव्वळ स्निग्ध पदार्थच असतो. त्यात साधारण साठ-पासष्ट टक्के संपृक्त आणि उरलेला बहुतांश असंपृक्त. म्हशीच्या तुपात संपृक्ताचा वाटा किंचित जास्त असतो, विशेषतः उशिरा वितळणाऱ्या घटकांचा. त्यामुळे ते घट्ट गोठते आणि त्याचे रवे मोठे होतात. गाईचे तूप तुलनेने मऊ राहते आणि त्याचे रवे बारीक असतात. ‘रवाळ म्हणजे शुद्ध’ ही कसोटी मात्र अर्धवट आहे. गरम तूप खोलीच्या तापमानाला, न हलवता, सावकाश निवू दिले तर रवा छान जमतो. तेच तूप लगेच फ्रिजमध्ये ठेवले तर गुळगुळीत गोळा होतो. तूप तेच, फक्त निवण्याचा वेग वेगळा.

गाईच्या तुपाच्या जाहिरातीत हमखास येणारा शब्द म्हणजे ब्युटिरिक आम्ल. आतड्याच्या आरोग्याशी त्याचा संबंध जोडला जातो. हे आम्ल दोन्ही तुपांत असते, आणि म्हशीच्या तुपात त्याचे प्रमाण गाईच्या तुपाइतकेच, किंबहुना थोडे जास्तच आढळते. गाईच्या तुपात त्यापुढची काही लहान साखळीची आम्ले अधिक असतात. कोलेस्टेरॉलचे उलटे आहे. वजनाला वजन लावून पाहिले तर म्हशीच्या तुपात ते गाईच्या तुपापेक्षा काहीसे कमी निघते. पण या फरकांवर आहार ठरवावा इतके ते मोठे नाहीत. उष्मांक दोन्हींत सारखेच, म्हणजे चहाच्या एका चमच्याला सुमारे चाळीस.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत गाईच्या तुपाला श्रेष्ठ मानले आहे, हे खरे. त्या परंपरेची स्वतःची परिभाषा आहे आणि ती मानणाऱ्याने गाईचे तूप घ्यावे, यात गैर काही नाही. गैर आहे ते त्या श्रद्धेला प्रयोगशाळेचा साज चढवून भाव वाढवणे. हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या व्यक्तीसाठी प्रश्न गाय की म्हैस हा नसून दिवसाला किती चमचे, हा आहे. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे तेरा-चौदा ग्रॅम तुपात, आठ-नऊ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश जातो. दिवसाला दोन हजार उष्मांक घेणाऱ्याने तो साधारण बावीस ग्रॅमच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. एका चमच्यात मर्यादेचा तिसऱ्या भागाहून अधिक हिस्सा संपतो.

‘ए-टू तूप’ म्हणजे काय?

ए-वन आणि ए-टू हे दुधातील बीटा केसिन या प्रथिनाचे प्रकार आहेत. देशी गाईंच्या दुधात प्रामुख्याने ए-टू प्रकार आढळतो, तर होल्स्टिनसारख्या विदेशी जाती आणि त्यांच्या संकरित गाईंत ए-वनही असू शकतो. दुधाबाबत या फरकावर चर्चा होऊ शकते. पण तूप करताना प्रथिने ताकात आणि बेरीत जातात. तुपात उरतो तो स्निग्धांश. जे प्रथिन बरणीत जवळपास नाहीच, त्याच्या प्रकारासाठी जादा पैसे कसे मागता येतील?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २१ ऑगस्ट २०२४ रोजी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवरील ए-वन, ए-टूचे दावे काढून टाकण्यास सांगितले होते. पाचच दिवसांनी, २६ ऑगस्टला, संबंधितांशी चर्चा करण्यासाठी हा आदेश मागे घेण्यात आला. दावे बाजारात राहिले, तुपातील रसायन मात्र बदलले नाही. विशेष म्हणजे म्हशीच्या दुधातील बीटा केसिनही ए-टू प्रकारचेच असते. तरी म्हशीच्या तुपावर हा शिक्का मारून कोणी दुप्पट भाव मागताना दिसत नाही.

मग गाईचे तूप महाग का?

याचे खरे उत्तर पोषणात सापडत नाही. ते दुधाच्या फॅटमध्ये आहे आणि डेअरीवर दूध घालणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते ठाऊक आहे. एक उदाहरण घेऊ. गाईच्या दुधाला चार टक्के फॅट धरले तर लिटरमागे सुमारे ४१ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. विरजण लावून, घुसळून, कढवण्याच्या पद्धतीत तो सगळा हाती लागत नाही. थोडा ताकात जातो, थोडा बेरीत राहतो. शंभरातले पंच्याऐंशी हाती आले असे मानले तर लिटरमागे ३५ ग्रॅम तूप मिळते. म्हणजे किलोभर तुपाला २८ ते २९ लिटर दूध लागते.

म्हशीच्या दुधाला सात टक्के फॅट धरले तर लिटरमागे ७२ ग्रॅम स्निग्धांश आणि त्याच हिशेबाने ६१ ग्रॅम तूप. किलोला लागते साधारण साडेसोळा लिटर दूध. आता गाईचे दूध ५० रुपये आणि म्हशीचे ७० रुपये लिटर धरून पाहा. किलोभर गाईच्या तुपासाठी दुधाचाच खर्च १,४०० रुपयांवर जातो, तर म्हशीच्या तुपासाठी ११५० रुपयांच्या आसपास. गॅस, मजुरी, बरणी वेगळी. ताक विकून थोडे परत मिळते, तेवढेच. चरून वाढणारी देशी गाय दिवसाला मोजकेच दूध देत असेल तर तिचे दूध ५० रुपयांत परवडतही नाही.

या हिशेबाचे दोन अर्थ आहेत. पहिला, गाईचे तूप थोडे महाग असण्यात लबाडी नाही, त्यात दूध जास्त जाते. दुसरा, ‘देशी गाईचे, बिलोना पद्धतीचे’ म्हणून कोणी सातशे रुपये किलोने तूप देत असेल, तर एक तर ते देशी गाईचे नाही, किंवा त्या पद्धतीचे नाही, किंवा निव्वळ तूप नाही. दुसऱ्या टोकाला, किलोला चार-पाच हजार मागणाऱ्यानेही दुधाचा हिशेब सांगायला हवा.

टिकते कोणते जास्त?

तूप बिघडण्याचे मार्ग दोन. पहिला पाण्याचा. तुपात ओल किंवा बेरीचे कण राहिले तर स्निग्धांश तुटून आम्ले मोकळी होतात आणि आंबट, उग्र वास येतो. दुसरा हवा आणि उजेडाचा. प्राणवायूमुळे स्निग्धांश हळूहळू खवट होतो. गाईचे तूप असेल तर उन्हात त्याचा पिवळेपणाही उडत जातो.

या लढाईत दोन्ही तुपांकडे आपापली ढाल आहे. म्हशीच्या तुपातील संपृक्त घटक प्राणवायूला तुलनेने दाद देत नाहीत. गाईच्या तुपात असंपृक्त भाग किंचित जास्त, पण अंधारात कॅरोटीन त्याचे थोडे रक्षण करते. त्यामुळे जनावरावरून टिकाऊपणा ठरवता येत नाही. तो ठरतो लोणी किती शिळे होते, कढवताना पाणी पुरते उडाले का आणि बरणी कुठे ठेवली यावर.

घरोघरी चूक होते ती पहिल्याच पायरीवर. साय पंधरा-पंधरा दिवस साठवली जाते, ती फ्रिजमध्येही आंबट-कडू होते आणि तूप जन्मतःच आम्लता घेऊन येते. अशा तुपाला वास लवकर लागतो. दुसरी पायरी कढवण्याची. लोणी वितळल्यावर आधी मोठा फेस आणि तडतड होते, ते पाणी उडत असल्याचे लक्षण. तडतड थांबते, बुडबुडे बारीक होतात, बेरी सोनेरी होऊन तळाशी बसते आणि तूप आरपार दिसू लागते, तेव्हा ते उतरवायचे. तडतड सुरू असताना घाईने उतरवलेले तूप मुळशीच्या दमट पावसाळ्यात महिन्याभरातच कुरकुर करू लागते.

कढवताना विड्याचे पान किंवा कढीपत्ता टाकण्याच्या जुन्या पद्धतीलाही आधार आहे. या पानांतील काही द्रव्ये खवटपणा लांबवतात, असे दुग्धशास्त्रातील प्रयोगांत दिसले आहे. नीट कढवलेले, गाळलेले, कोरड्या बरणीत काठोकाठ भरलेले तूप अंधाऱ्या जागी सहा महिने सहज राहते. ओला चमचा एकदाच बुडाला तरी हा हिशेब कोलमडतो. डोंगरातून लोणी-तूप उतरवणाऱ्यांना हे शास्त्राच्या भाषेत सांगता आले नसते, पण त्यांचा सगळा व्यवहार या कोरडेपणावरच उभा होता.

घरी ओळखता येते का?

थोडेसेच. चमचाभर तूप कोरड्या पळीत तापवावे. तडतडले तर पाणी राहिले आहे. तळहातावर चोळून वास घेतला की खवटपणा आणि करपटपणा लगेच कळतो. आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग आला तर बटाटा किंवा पिठासारखा पिष्टमय पदार्थ मिसळला आहे. मात्र आयोडिनने वनस्पती तूप पकडता येत नाही. ‘तळहातावर वितळले म्हणजे शुद्ध’ ही समाजमाध्यमांवरची कसोटीही फसवी आहे, कारण शरीराच्या उबेला वितळेल असे वनस्पती तूपही बनवता येते. आणि गाईच्या तुपात म्हशीचे मिसळले आहे का, हे घरी कळण्याचा खात्रीचा मार्ग नाही. त्यासाठी स्निग्धांशाची प्रयोगशाळेत तपासणीच करावी लागते.

मग ग्राहकाने काय विचारावे?

रंगाऐवजी तीन प्रश्न विचारावेत. तूप कोणत्या जनावराचे आणि त्याला चारा काय? विरजणाच्या लोण्याचे की मलईचे? आणि कढवले कधी? विकणारा खरोखर उत्पादक असेल तर या तिन्हींची उत्तरे त्याच्या जिभेवर असतात. बरणीवर ‘देशी’, ‘वैदिक’, ‘ए-टू’ असे शब्द असतील आणि कढवल्याची तारीख शोधावी लागत असेल, तर किंमत कशाची लावली आहे ते स्पष्ट होते.

मऊ पोत आणि बारीक रवा आवडणाऱ्याने गाईचे तूप जरूर घ्यावे आणि त्यात जाणाऱ्या जास्तीच्या दुधाचे पैसेही द्यावेत. पुरणपोळीवर, लाडवात मोठा रवा आणि दाटपणा हवा असेल तर म्हशीचे तूप सरस ठरते. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. म्हशीच्या तुपाला दुय्यम ठरवून बाजाराने एक विचित्र बक्षीस ठेवले आहे. पांढऱ्या तुपाला रंग दिला की भाव वाढतो, आणि प्रामाणिकपणे पांढरे विकणारा मागे राहतो. ज्या डोंगरात म्हशीच्या लोण्यावर घरे चालली, तिथल्या उत्पादकाने ‘मुळशीचे म्हशीचे तूप’ असे ठसठशीत लिहून ते विकावे. ग्राहकानेही त्याचा भाव रंगावरून न ठरवता दुधाच्या हिशेबावरून ठरवावा.